घरबसल्या बीएलएस? मग छाती कुणाची दाबणार?

"नर्स आणि फिजिओंसाठी बीएलएस प्रोव्हायडर सर्टिफिकेट! पूर्ण ऑनलाइन, दोन तासांत, फक्त 499 रुपये. आयएसओ प्रमाणित, आजीवन वैध, देश-परदेशात सगळीकडे चालते."

इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरून हा मेसेज शेवटी भाचीकडे पोहोचला. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे ती. "मामा, पैसे भरू का?" नको भरूस.

बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट: हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन, म्हणजेच सीपीआर करून, जीव वाचवण्याचं कौशल्य. म्हणून "पूर्ण ऑनलाइन" हेच मुळात हास्यास्पद. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर दाबायची. 6 च्या पुढे जायचं नाही. हे आकडे पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. पण मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, बसवलं की काय होतं पाहा. पहिले 30 दाब 15 ते 18 सेकंदांत व्हायला हवेत. घाईत ते 12 सेकंदांत उरकतात आणि खोली कमी पडते. दमल्यावर हात छातीवरच रेलून राहतात, छाती पूर्ण वर येत नाही, म्हणजे हृदयात रक्त भरायला जागाच उरत नाही. मग दोन श्वास. मास्क नीट बसला नाही तर हवा कडेने निसटते, छाती हलत नाही, आणि मास्क पुन्हा बसवण्यात दाबांतला खंड 10 सेकंदांपलीकडे जातो. यातलं स्क्रीनवर काय दिसणार? म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्सात मोठ्या माणसाच्या सीपीआरसाठी खोली-वेग दाखवणारं फीडबॅक उपकरण सक्तीचं आहे. मोठ्यांच्या आणि तान्ह्या बाळाच्या सीपीआरची वेगवेगळी परीक्षा असते, वर लेखी परीक्षेत किमान 84 टक्के लागतात.

आता एक मान्य करावं लागेल: त्यांच्या हार्टकोड बीएलएस या कोर्सात थिअरी खरंच ऑनलाइन होते. पण ती संपल्यावर जे मिळतं ते प्रोव्हायडर कार्ड नव्हे. प्रत्यक्ष कौशल्य तपासल्यावरच कार्ड हाती येतं.

"आजीवन" तर साफ खोटं, कार्ड दोन वर्षांचं असतं. आणि आयएसओ 9001 संस्थेचा कारभार तपासतं, तुमचे हात नाही.

"सगळीकडे चालते" याचं उत्तर मेसेजवाला देऊ शकत नाही. जिथे अर्ज करणार त्या हॉस्पिटलच्या एचआरला आधी विचारा, कुणाचं कार्ड चालतं. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेचेही कोर्स आहेत, पण त्यातला कॉल्स नावाचा कोर्स सामान्य नागरिकांसाठी आहे, तो बीएलएस म्हणून दाखवू नका. अमेरिकन कार्ड हवं असेल तर त्यावर "BLS Provider" असंच हवं. "Heartsaver" असेल तर तो सामान्यांसाठीचा कोर्स. कार्ड खरं की बनावट ते heart.org/cpr/mycards वर कळतं.

पैसे भरण्याआधी फोनवर एवढंच विचार: कुठल्या ट्रेनिंग सेंटरखाली घेता, आणि एका मॅनिकिनवर किती जण? तीनपेक्षा जास्त नकोत, एका इन्स्ट्रक्टरमागे सहापेक्षा जास्त नकोत. समोरचा "सर्टिफिकेट कुरिअरने येईल, मॅडम" म्हणाला, तर फोन ठेव.