अल्फा 0.86 आणि ‘एकच गोष्ट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अल्फा हा आकडा चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. तो मोठा आला म्हणून सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात असं होत नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तीच चाचणी त्याच माणसांना पुन्हा दिल्यावर दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे टेस्ट-रीटेस्ट, 0.55 आला, हेही त्यात होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«लेखात नुसता गोंधळ आहे. अल्फा 0.86 आला म्हणजे सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात, एवढं तर पहिल्या वर्षाच्या मुलांनाही कळतं. टेस्ट-रीटेस्ट 0.55 आलं म्हणून चाचणी फेकून द्यायची का? आधी वाचन करा, मग लिहा.»

महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘आधी वाचन करा’ हे कुणाला सांगताय, याचा जरा विचार करायला हवा होता. गेली अठरा वर्षं मी चाचण्या बनवते, तपासते आणि गरज पडली तर स्वतःच्या चाचण्या रद्दही करते. लेखात चूक दिसली तर जरूर दाखवा, पण ती दाखवायला हा सूर लागत नाही.

टेस्ट-रीटेस्टबद्दल एक मान्य करते. दोन वेळांमधलं अंतर तीन महिन्यांचं होतं, ते लेखात लिहायचं राहून गेलं. ताणासारखी गोष्ट तेवढ्या काळात माणसात खरोखरच बदलू शकते. त्यामुळे 0.55 हा सगळा चाचणीचाच दोष आहे, असं म्हणता येत नाही. तेवढी दुरुस्ती करते.

आता पहिल्या वर्षाच्या मुलांकडे वळू. त्यांना तसं शिकवलं जातं हे खरं आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्यावरच आहे. कामाच्या ताणाची वीस प्रश्नांची चाचणी घ्या. दहा प्रश्न कामाच्या ओझ्याबद्दल, दहा वरिष्ठांशी पटत नसण्याबद्दल. समजा, प्रत्येक गटात कुठल्याही दोन प्रश्नांमधला सहसंबंध 0.5 आहे, आणि एका गटातल्या प्रश्नाचा दुसऱ्या गटातल्या प्रश्नाशी सहसंबंध शून्य. म्हणजे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी झाल्या. प्रत्येक प्रश्नाचं प्रचरण, म्हणजे त्याचे गुण किती पसरलेत त्याचं माप, 1 धरलं, तर वीस प्रश्नांची बेरीज 20 होते. एकूण गुणांचं प्रचरण मात्र 110 येतं, कारण गटातल्या जोड्या त्यात आणखी 90 ची भर घालतात.

```
α = (20/19) × (1 − 20/110) = 0.86
```

तुम्ही ज्या आकड्याचा दाखला दिलात, तोच हा आकडा. प्रश्न मात्र दोन गोष्टी मोजताहेत, आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. अल्फा प्रश्नांच्या संख्येवर आणि त्यांच्यातल्या सरासरी सहसंबंधावर चालतो. प्रश्न किती गटांत विभागलेत, हे त्याला दिसतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या प्रबंधासाठी मी अशीच चाचणी केली होती. अल्फा उत्तम आला आणि मी आनंदाने मार्गदर्शकांकडे धावले. त्यांनी अल्फाकडे पाहिलंही नाही, सहसंबंधांचा तक्ता मागितला. वीस ओळी, वीस रकाने. पेन्सिलीने त्यांनी दोन चौकोन आखले, डावीकडे वर एक आणि उजवीकडे खाली एक. चौकोनांच्या आत 0.4, 0.5 असे आकडे, बाहेर जवळपास सगळीकडे शून्याच्या आसपास. मग त्यांनी दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. दोघांचे एकूण गुण 60. एकाला ओझ्याच्या प्रश्नांत 46 आणि वरिष्ठांच्या प्रश्नांत 14, दुसऱ्याला बरोबर उलट. एकाचं काम कमी करायला हवं होतं, दुसऱ्याची बदली. माझी चाचणी दोघांना एकाच रांगेत बसवत होती. आठ महिन्यांचं काम मी पुन्हा केलं, दोन वेगळ्या उपचाचण्या करून. त्यामुळे हा विषय कुणी पहिल्या वर्षाच्या नावावर खपवला की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आणि वाचनाचाच मुद्दा असेल तर, अल्फाला ते नाव देणारा क्रॉनबाखचा लेख 1951 चा आहे. 1955 मध्ये त्याच क्रॉनबाखने मील यांच्यासोबत कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीवर, म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का या प्रश्नावर, लेख लिहिला. त्यात प्रश्नांची आंतरिक सुसंगती ही अनेक पुराव्यांपैकी एक म्हणून येते. सिद्धान्तानुसार गुण कशाशी जुळायला हवेत, कोणत्या गटांत वेगळे यायला हवेत, वेळेनुसार कसे बदलायला हवेत, हेही तिथे तपासायचं असतं. एका आकड्यावर हे सगळं भागत असतं, तर त्याला तो दुसरा लेख लिहावाच लागला नसता.

लेखातल्या ‘गोंधळा’बद्दल तुम्ही नेमकं काहीच दाखवलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. तुमच्याकडे एखाद्या चाचणीचा सहसंबंध-तक्ता असेल तर पाठवा. घटक विश्लेषण करून किती गट निघतात, ते इथेच मांडीन.