डायोड आहे ना, मग भाजेल कसं?

«आता डायोड लेझर आलंय, त्यामुळे गोऱ्या-सावळ्या कोणत्याही त्वचेला धोका शून्य. चटका बसला तर घाबरू नका, काम होतंय असं समजा. डाग पडलाच तर आठवड्यात जातो. सहा सिटिंग केल्या की केस कायमचे बंद!»

हा मेसेज आतापर्यंत मला चार पेशंटनी मोबाइलवर दाखवला. त्यातल्या एकीने नडग्यांवरचे तपकिरी चौकोन दाखवून मग दाखवला. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, लेझर माझ्याही दवाखान्यात आहे, आणि मी स्वतः सावळी आहे. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी डायोडचं. लेझर केस ओढून काढत नाही. तो प्रकाश असतो आणि त्वचेतला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, तो शोषून घेतं. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि केसाच्या मुळाशी ती पुरेशी साठली की मूळ निकामी होतं. नेमका तेवढाच भाग तापवून बाकीचं वाचवता येतं, हा सिद्धान्त अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडला आणि आजची सगळी यंत्रं त्यावरच चालतात. अडचण अशी की मेलॅनिन फक्त केसात नसतं, त्वचेच्या वरच्या थरातही असतं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर जवळजवळ सगळा प्रकाश केसाकडे जातो. आपल्याकडे मात्र प्रकाश मुळापर्यंत पोचायच्या आधीच वरचा थर त्यातला वाटा घेऊन बसतो. भाजतं ते तिथेच.

हा वाटा कमी करायचा एक मार्ग म्हणजे जास्त तरंगलांबीचा प्रकाश वापरणं. मेलॅनिन ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर भरपूर शोषतं, ८१० च्या आसपासचा डायोड त्याहून कमी आणि १०६४ चा एनडी-याग सगळ्यात कमी. म्हणून खूप सावळ्या किंवा काळ्या त्वचेसाठी एनडी-याग सगळ्यांत सुरक्षित मानला जातो, अलेक्झांड्राइट सहसा टाळला जातो आणि डायोड मधे कुठेतरी बसतो. डायोड सावळ्या त्वचेवर चालतो, चांगला चालतो, पण तो कसा लावला आहे त्यावर. शिवाय हल्ली ‘डायोड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत तिन्ही तरंगलांबी एकत्र सोडतात, त्यात ७५५ सुद्धा आलीच. आणि पार्लरमध्ये ज्याला सर्रास लेझर म्हणतात ते पुष्कळदा आयपीएल असतं, म्हणजे अनेक तरंगलांबींचा मिश्र झोत. सावळ्या त्वचेला ते लेझरपेक्षा जास्त जोखमीचं. तेव्हा यंत्राचं नाव आणि तरंगलांबी दोन्ही विचारा. सांगता आलं नाही तर उठून या.

याच्या उलट टोकाचा मेसेजही फिरतो, की सावळ्यांनी लेझरच्या वाटेला जाऊच नये. तोही खोटा. जाड काळे केस असलेली सावळी व्यक्ती लेझरसाठी योग्यच असते. एनडी-यागचं वाईट इतकंच की तो केसातही कमी शोषला जातो. त्यामुळे बारीक, भुरकट लव त्याला दाद देत नाही आणि तो दुखतोही जास्त. पांढऱ्या केसांवर कुठलाच लेझर चालत नाही. त्यात शोषायला रंगच नाही.

आता चटक्याचं. मला या मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच वाटतं, कारण ते पेशंटला गप्प बसवतं.

प्रत्येक झोताला रबरबँड टचकन लागल्यासारखं होणं ठीक आहे. क्षणात जातं. पण जळजळ टिकून राहिली, आधीच्या जागेची आग थांबायच्या आत पुढची सुरू झाली, तर हात वर करून थांबवायचं. सावळ्या त्वचेत कातडी वाचते ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे झोत किती वेळात सोडला. तव्यावरून काढलेला पापड क्षणात गार होतो, भाकरी मात्र वाफ धरून ठेवते. त्वचेचा वरचा थर पापडासारखा आहे आणि केसाचं जाड मूळ भाकरीसारखं. तीच ऊर्जा जरा लांबवून सोडली तर वरचा थर मधल्या मधे उष्णता टाकून देतो, मूळ मात्र तापत राहतं. म्हणून सावळ्या त्वचेला ऊर्जा कमी आणि झोताचा काळ जास्त ठेवतात. दुसरी गोष्ट गारवा. यंत्राचं टोक थंड असतं, किंवा थंड फवारा वा गार हवा सोडतात. टोक थंड असलेल्या यंत्रात ते पूर्ण टेकलेलं असलं तरच उपयोग. नडगीच्या हाडावर, घोट्यापाशी, जबड्याच्या कडेला ते तिरकं होतं आणि उचललेल्या बाजूला गारवा पोचत नाही.

बधिर करणारं क्रीम फासून घेणं मला सावळ्या पेशंटच्या बाबतीत आवडत नाही. दुखणं हा तिथला पहिला धोक्याचा भोंगा असतो, तो आपणच बंद करतो. पूर्ण पायांवर ते थापून वर प्लॅस्टिक गुंडाळणं तर आणखी वाईट, कारण औषध रक्तात जातं.

काम होतंय हे चटक्यावरून नाही, डोळ्यांनी कळतं. काही मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती बारीक फुगवटा येतो, काटा आल्यासारखा, आणि थोडी लाली. सावळ्या त्वचेत लाली नीट दिसत नाही, म्हणून फुगवटा बघायचा. काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत तो बसतो. उलट कातडी राखाडी किंवा पांढुरकी पडली, यंत्राच्या टोकाचा चौकोनी ठसा उमटला, तर ते भाजणं आहे. तिथेच थांबायचं.

चौकोनवाल्या मुलीची गोष्ट अशी. वय सव्वीस, रंग सावळा, पायांवर जाड काळे केस. एका ठिकाणी डायोडच्या दोन सिटिंग झाल्या होत्या, काहीही त्रास नाही. मग मैत्रिणींबरोबर तारकर्लीला चार दिवस. रविवारी परतली, बुधवारी तिसरी सिटिंग. तिथल्या बाईंनी फाइल उघडली, मागच्या वेळचे आकडे पाहिले आणि तेच लावले. यंत्र तेच, माणूस तोच, आकडे तेच. बदलली होती ती फक्त कातडी. चार दिवसांच्या उन्हात तिच्या पायांतलं मेलॅनिन वाढलं होतं, म्हणजे वरच्या थराचा वाटा वाढला होता. नडगीवर दोन जागी फार भाजलं असं ती म्हणाली, तर उत्तर मिळालं, «होतं तसं, सहन करा.» संध्याकाळी दोन्ही नडग्यांवर चौकोन उमटले, सकाळी त्या दोन जागी फोड.

ऊन लागल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, हा नियम याच्यासाठी आहे. सावळ्यांना टॅन दिसत नाही म्हणून तो पाळला जात नाही. मी पेशंटला बाही वर करायला लावते आणि उघडा भाग झाकलेल्या भागाशी ताडून बघते. फरक दिसला तर तारीख पुढे. पॅच टेस्ट, म्हणजे आधी छोट्याशा जागेवर लेझर मारून पाहणं, तीही ज्या भागावर उपचार करायचा तिथेच करायची, दुसरीकडे नाही, आणि निदान ४८ तास वाट पाहायची. सावळ्या त्वचेत परिणाम उशिरा दिसतो, दहा मिनिटांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी रेझर फिरवायचं, कारण वर राहिलेला केस कातडीवरच जळतो. वॅक्सिंग मात्र आधीचे चार आठवडे बंद. मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय?

डाग आठवड्यात जातो म्हणणाऱ्याने सावळा डाग पाहिलेला नाही. खिपली आठवड्या-दीड आठवड्यात पडते, खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. त्वचा दुखावली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्त रंग सोडतात. मुरूम गेल्यावर डाग मागे राहतो, तसंच हे. वरच्या थरातला तपकिरी डाग काही महिने घेतो. रंग खालच्या थरात उतरला तर तो राखाडी-निळसर दिसतो आणि फार रेंगाळतो. जिथे फोड येतो तिथे उलटही होतं, रंग बनवणाऱ्या पेशीच दमतात आणि फिकट चट्टा पडतो. बहुतेकदा रंग हळूहळू परत येतो, पण भाजणं खोल गेलं तर नाही. या मुलीचे तपकिरी चौकोन सात महिन्यांनी पुसट झाले. फोडांच्या दोन जागा वर्षानंतरही आजूबाजूपेक्षा उजळ आहेत.

तिने पहिल्या रात्री त्यावर बर्फ चोळला आणि टूथपेस्ट लावली होती. दोन्ही नको. भाजलं की साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, फोड फोडायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. खिपली नखाने काढायची नाही. डागाला उन्हापासून झाकायचं, सनस्क्रीन दिवसातून पुन्हा पुन्हा लावायचं. आणि मेडिकलमधून कुणी सांगितलेलं गोरं करणारं क्रीम आणायचं नाही. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते आणि वर केसही वाढतात. ज्यासाठी गेलो तेच पुन्हा.

राहिल्या सहा सिटिंग. एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात आणि लेझर चालतो तो त्या टप्प्यातल्या केसांवरच, म्हणून सिटिंग अनेक लागतात. पाय-काखेला सहा-आठमध्ये बराच फरक पडतो. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांना दिलेली मान्यतासुद्धा केस ‘कायमचे कमी’ होण्याची आहे, ‘कायमचे बंद’ होण्याची नाही. मधूनमधून एखादी सिटिंग लागतेच.

चेहऱ्याचं गणित वेगळं. हनुवटीवर केस आहेत आणि पाळीही अनियमित आहे, तर आधी पीसीओडीची तपासणी. हार्मोन आतून नवे केस ढकलत असतील तर लेझर बाहेरून उपसत बसतो. आणि एक गोष्ट पॅकेज विकणारे सांगत नाहीत: लेझरमुळे कधीकधी केस वाढतात. जबड्यावर, गालाच्या कडेला, गळ्यावर, जिथे बारीक लव असते तिथे मूळ मारायला अपुरी पडणारी उष्णता त्याच लवेला जाड, काळ्या केसांत बदलते असं मानतात. हे सावळ्या वर्णाच्या आणि विशेषतः आपल्या भागातल्या बायकांत जास्त दिसतं.

त्याच मुलीने टॅन आणि डाग गेल्यावर पायांना पुन्हा सुरुवात केली, या वेळी पॅच टेस्ट करून एनडी-यागवर, आणि नीट चाललंय. परवा विचारत होती, «मॅडम, आता गालाची लवपण काढून टाकूया का?» मी नाही म्हटलं. दोऱ्याने काढ म्हटलं.