आरसा साडेतीन अंश फिरला की ठिपका १८.४ सेमीच सरकतो, ९.२ नाही

"नीटवाल्यांनो लक्ष द्या. पुस्तकातल्या आरशाच्या गणितात मिस्प्रिंट आहे. गॅल्व्हानोमीटरचा आरसा ३.५ अंश फिरला, पडदा १.५ मीटरवर, तर ठिपका १८.४ सेमी सरकतो असं छापलंय. खरं उत्तर ९.२ सेमी. कारण १) i = r, म्हणून आरसा जेवढा फिरतो तेवढाच किरण फिरतो. २) 2θ फक्त किरण सरळ पडला तर, तिरका पडला तर नाही. ३) लॅबमध्ये 2θ न घेता पण ग्राफ बरोबरच येतो. ४) लहान कोनाला सरळ d = Dθ लावा, अंश टाकले तरी चालतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला माझ्या भाचीनं लातूरहून पाठवला. ती तिथं रूम करून राहते, नीटची तयारी करायलीय, आणि रात्री साडेदहाला फोन करून म्हणाली, मामा, सगळ्या पोरी वहीत उत्तर खोडून ९.२ लिहायल्यात, मी पण लिहू का? तिच्या आवाजात शंका होती म्हणून बरं, नाहीतर तिनंही खोडलंच असतं. मी नांदेडला बीएस्सीच्या पोरांचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल बरीच वर्षं घेतलंय, आणि ही चूक दरवर्षी कुणीतरी करतं, ती कळते, समजावता येते. पण चूक करून वर पुस्तकच चुकलंय म्हणून हजार लेकरांना पाठवायचं, याचा मला लई राग आला.

पहिल्या मुद्द्यावरच थांबू, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

i = r हे बरोबर आहे. पण हे दोन्ही कोन कशापासून मोजायचे? आरशाला काढलेल्या लंबापासून. आणि आरसा फिरला की लंब जागेवर राहत नाही, तो पण आरशासोबत तेवढाच फिरतो. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमका हा लंब भिंतीला खिळा ठोकल्यासारखा धरलाय.

याच गणितात बघा. सुरुवातीला प्रकाश आरशावर सरळ पडायलाय, म्हणजे लंबाच्या रेषेतच, आणि आल्या वाटेनं परत जायलाय. आता आरसा ३.५ अंश फिरवा. दिवा हलला नाही, येणारा किरण तोच. लंब मात्र ३.५ अंश बाजूला गेला. म्हणजे येणारा किरण आणि नवीन लंब यांच्यात ३.५ अंश झाले. मग परावर्तित किरण कुठं जाणार? लंबाच्या दुसऱ्या बाजूला, अजून ३.५ अंशावर. जुन्या वाटेपासून लंबापर्यंत ३.५ आणि लंबापासून पुढं ३.५, झाले ७. एवढंच आहे ते 2θ, यात पाठ करायचं काही नाही, वहीत तीन रेघा ओढल्या की दिसतं. फक्त रेघा ओढताना लंब पहिला काढायचा, आरसा नाही. पोरं आरसा तिरका काढतात आणि लंब जुनाच ठेवतात, तिथंच चुकतात.

आता पडदा १.५ मीटरवर, जुन्या किरणाला काटकोनात. ठिपक्याचं सरकणं d = D tan 2θ, म्हणजे १.५ गुणिले tan ७°. tan ७° साधारण ०.१२२८ येतो, उत्तर ०.१८४ मीटर, म्हणजे १८.४ सेमी. हे गणित एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात किरण-प्रकाशाच्या धड्याच्या स्वाध्यायात आहे आणि मागं उत्तर हेच छापलंय. मिस्प्रिंट असता तर एखादा आकडा इकडचा तिकडं झाला असता. ९.२ आणि १८.४ मध्ये बरोबर दुप्पट फरक आहे, म्हणजे कुणीतरी tan ३.५° घेऊन मोकळा झालाय. आणि नीटचीच भाषा पाहिजे असेल तर २०१७ च्या नीटच्या पेपरात हाच प्रश्न अक्षरांत आला होता: दिवा आरशापासून x अंतरावर, पट्टी दिव्याच्या लगेच वर, आरसा θ एवढा थोडासा फिरला, ठिपका y सरकला, तर θ किती. उत्तर y/2x. तो खालचा २ मेसेजवाल्यानं उडवला असता तर चार मार्क तर गेलेच असते, वर निगेटिव्हचा एक.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मन नसताना. परावर्तन कोन, म्हणजे r, हा खरोखर θ नंच वाढतो, २θ नं नाही. ० चा ३.५ झाला, बस. मेसेजवाल्यानं बहुतेक हेच बघितलं आणि तिथंच थांबला. पण r हा हलत्या लंबापासून मोजलेला कोन आहे आणि पट्टी खोलीत स्थिर आहे, ठिपका स्थिर पट्टीवर सरकतो. अजून एक: दिवा जर आरशालाच बांधला आणि दोन्ही सोबत फिरवले तर किरण θ नंच फिरतो. गॅल्व्हानोमीटरमध्ये तसं नसतं, तिथं कॉइलला नखाएवढा आरसा चिकटवलेला असतो आणि दिवा-पट्टी वेगळ्या स्टँडवर असते.

दुसरा मुद्दा पहिल्यालाच मारतो. किरण सरळ पडला तर 2θ लागतो असं स्वतःच लिहिलंय, आणि या गणितात किरण सरळच पडायलाय हे प्रश्नात लिहिलंय. मग ९.२ आलं कुठून? आणि तिरक्या किरणाला पण 2θ च लागतो. समजा किरण लंबाशी ३० अंशावर पडतो. येणारा आणि जाणारा यांच्यात ६० अंश. आरसा ३.५ नं फिरवला, आपातकोन ३३.५ झाला, आता दोघांत ६७. येणारा तोच आहे, म्हणजे जाणारा ७ नं फिरला. उलटा फिरवला तर २६.५ होतो, दोघांत ५३, तरी फरक ७ च. मूळ कोन कितीही घ्या, तो वजाबाकीत उडून जातो.

इथं खरी अट वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. किरण आरसा ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलात पाहिजे. अक्ष उभा असेल आणि किरण खूप वरून खाली तिरका येत असेल तर किरण २θ पेक्षा कमी फिरतो. आरसा स्वतःच्याच लंबाभोवती चाकासारखा फिरवला तर ठिपका हलतच नाही.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. लॅबमध्ये करंट वाढवत गेलं आणि ठिपक्याचं सरकणं मांडलं तर सरळ रेघ येते, 2 धरा नाहीतर सोडा. एका करंटला ४ सेमी, दुसऱ्याला ८ सेमी, म्हणजे दुसरा करंट जवळपास दुप्पट. भागाकारात तो 2 उडून जातो. नुसती तुलना करायची असेल तर अडत नाही. पण कॉइलचा खरा कोन काढायची वेळ आली की अडतं. पट्टी १ मीटरवर, ठिपका ८ सेमी सरकला, तर tan 2θ = ०.०८, 2θ साधारण ४.६ अंश आणि कॉइल फिरली २.३ अंश. NIAB = kφ मध्ये φ म्हणून हे २.३ जायला पाहिजेत, ४.६ टाकले की तारेचा k निम्मा येतो. ग्राफ सुंदर सरळ, उत्तर निम्मं. माझ्या टेबलावर अशा जर्नल लई आल्यात, आणि पोरांना चूक सापडत नाही कारण रेघ तर सरळच आलेली असते.

चौथ्यावर जास्त वेळ घालवत नाही. अंश टाकून बघा, १.५ गुणिले ३.५ म्हणजे सव्वापाच मीटर. मेसेजचं स्वतःचं ९.२ सेमी पण यातून येत नाही. लहान कोनाला d = 2Dθ चालतं, पण θ रेडियनमध्ये. ३.५ अंश म्हणजे ०.०६११ रेडियन, त्यातून १८.३ सेमी येतं, खऱ्या उत्तराहून फक्त मिलिमीटरभर कमी. आरसा १५ अंश फिरला तर मात्र हे सूत्र ७८.५ सेमी देतं आणि खरं उत्तर ८६.६ आहे, आठ सेमीचा फरक, तिथं tan शिवाय चालत नाही.

भाचीला मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. म्हणालो, करून बघ. आरशाचा छोटा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याला उभा चिकटव, ठोकळ्याखाली ३० सेमीची पट्टी अशी चिकटव की पट्टीचं शून्य आरशाच्या खाली येईल आणि तिथंच टाचणीवर फिरेल. भिंतीपासून आरसा दीड मीटरवर. लेझर पॉइंटर भिंतीजवळ पुस्तकांवर पक्का ठेव, किंचित वर तोंड करून, म्हणजे ठिपका लेझरच्या वरच भिंतीवर येईल. कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नको. पट्टीचं टोक २.६ सेमी सरकवलं की आरसा ५ अंश फिरतो. मग ठिपका किती सरकला ते मोज. मेसेज खरा असेल तर १३ सेमी, पुस्तक खरं असेल तर २६.४. साध्या आरशात कलई मागच्या बाजूला असते म्हणून शेजारी एक फिका ठिपका पण दिसतो, तो सोडून ठळकच धरायचा. ठिपका आडवा सरकताना वरखाली गेला तर आरसा उभा बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मामा, १३ तर नाहीच, पण २६.४ पण नाही, २७.५ यायलंय, तीनदा केलं. मी विचारलं अंतर कुठून कुठपर्यंत मोजलंस? म्हणाली, लेझरच्या टोकापासून आरशापर्यंत, बरोबर १५०. पण ठिपका लेझरवर नाही, भिंतीवर पडतो. म्हणालो, भिंतीपासून आरशापर्यंत मोज. टेप लावायचा आवाज आला, मग म्हणाली, १५६.

१५६ गुणिले tan १०°, तिनं स्वतःच काढलं, २७.५. वहीत १८.४ परत लिहिलं आणि शेजारच्या रूममधल्या दोघींना ठोकळा दाखवायला घेऊन गेली.