"बीएमएस बॅलन्स करतो" म्हणजे नक्की किती करतो?

बीएमएस म्हणजे बॅटरी पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट. त्याबद्दल फॉरवर्ड होत आलेला मेसेज असा: "ई-बाईक प्रोजेक्टसाठी पॅक बनवताय? सेल मॅच करत बसू नका. बॅलन्सिंगवाला बीएमएस लावा, तो सगळे सेल सारखे करून घेतो. लहानमोठे सेल असतील तरी चालतात. आणि शॉर्ट झालं तर बीएमएस कट करतोच, वेगळा फ्यूज कशाला?"

पहिलं, "सारखे करून घेतो". करतो, पण किती हळू ते बघा. 13S4P पॅक धरू, म्हणजे चार-चार पॅरलल सेलचे तेरा ग्रुप सिरीजमध्ये; 2.5 Ah चे सेल, म्हणजे प्रत्येक ग्रुप 10 Ah. स्वस्त बीएमएसमध्ये प्रत्येक ग्रुपला एक छोटा रेझिस्टर असतो, तो ग्रुप साधारण 4.2 V जवळ गेला की त्यातून थोडा करंट जाळला जातो, बस एवढंच. रेझिस्टर 100 ओहमचा असेल तर करंट 42 mA. आता समजा जोडतानाच सातवा ग्रुप बाकीच्यांपेक्षा 1 Ah जास्त भरलेला होता. 1000 भागिले 42, म्हणजे जवळपास 24 तास नुसतं जाळायला हवं, तेही चार्जर लावून ठेवला तर, कारण चार्जर काढला की व्होल्टेज जरा खाली येतं आणि बॅलन्सिंग बंद पडतं. तुम्ही रोज अर्धा तास फुल दाखवून चार्जर काढणार, मग महिना गेला तरी पत्ता नाही.

हे दिसतं कसं? चार्जिंग लवकर थांबतं. सातवा 4.25 ला पोचला की बीएमएस अख्खं चार्जिंग कट करतो, बाकीचे बारा 4.10 वर लटकलेले. बेरीज 53.45 V येते, यायला हवी 54.6. सगळे म्हणतात चार्जर खराब आहे, आणि बिचारा चार्जर बदलला जातो.

अशा वेळी बीएमएसची वाट बघू नका, चार्जर काढून त्या एकाच ग्रुपवर 10 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर लावा, साधारण 0.4 A जातील, अडीच तासांत 1 Ah उतरतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, तो पॅकपासून लांब ठेवा आणि समोर बसून राहा, मधे मधे मीटर लावून बघत.

दुसरं, "लहानमोठे चालतात". इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कमीजास्त भरलेला ग्रुप बॅलन्स होऊ शकतो, पण ज्याची कपॅसिटीच कमी आहे तो होत नाही. एक ग्रुप 9 Ah चा असेल तर सगळे अगदी 4.20 ला आणून ठेवा, 9 Ah वापरले की तो रिकामा, बीएमएस कट, गाडी थांबली, आणि बाकी बारांमध्ये प्रत्येकी 1 Ah तसाच पडून.

ओळखायचं असं: फुल चार्जला आणि कट होण्याच्या जवळ, दोन्ही वेळा बॅलन्स कनेक्टरवर प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज लिहा. एक ग्रुप दोन्हीकडे वर असेल तर नुसता जास्त भरलाय. वर सर्वात जास्त आणि खाली सर्वात कमी असेल तर कपॅसिटी कमी. आणि चार्ज करून आठवडाभर नुसता ठेवला तरी एकच ग्रुप उतरत असेल तर त्यातला कुठलातरी सेल आतून लीक करतोय, तो काढायचाच, त्याला बॅलन्सिंगने बरं करता येत नाही. म्हणून आधी सेल चार्ज करून आठवडा दोन आठवडे ठेवायचे, उतरणारे बाजूला काढायचे, उरलेल्यांची कपॅसिटी मोजून अशी वाटायची की तेराही ग्रुपची बेरीज सारखी येईल. कंटाळवाणं आहे, मान्य.

तिसरं, शॉर्ट. हा भाग मला सगळ्यात धोकादायक वाटतो. बहुतेक बीएमएसचे मॉसफेट, म्हणजे करंट तोडणारे स्विच, B- म्हणजे पॅकचं मायनस टोक आणि बाहेर जाणाऱ्या मायनसच्या मधे असतात, म्हणजे तो फक्त त्याच्यातून जाणारा करंट तोडतो. निकेल पट्टी घसरून दुसऱ्या ग्रुपला टेकली, किंवा सेलच्या प्लस टोकाशी प्लास्टिक आवरण कापलं गेलं, तर करंट बीएमएसला न विचारता पॅकच्या आतच फिरतो. तिथे फक्त इन्सुलेशन वाचवतं, प्लस टोकांवर चिकट फिशपेपरच्या रिंगा आणि ग्रुपांच्या मधे फिशपेपर. शिवाय मॉसफेट कधी कधी शॉर्ट होऊनच मरतो, मग तो काही कट करणार नाही. मेन प्लसला पॅकच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, तोही पॅकच्या फुल व्होल्टेजपेक्षा जास्त डीसी रेटिंगचा, 32 V वाला कारचा फ्यूज नको, त्यात आर्क विझेलच असं नाही.

आणि हो, बॅलन्स वायरी लावताना कनेक्टर बीएमएसमध्ये खोचायच्या आधी शेजारच्या दोन पिनांमध्ये मीटर लावा. सगळीकडे 3.6 च्या आसपास यायला हवं. कुठे 7.2 किंवा मायनस दिसलं तर वायरींची अदलाबदल झालीये, ती दुरुस्त करून परत सगळ्या पिना पहिल्यापासून मोजा आणि मगच खोचा.