रात्री अकरा ते सकाळी सात

आमच्या सोसायटीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि मोटर लावायची पाळी आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे असते. उरलेले चार दिवस मी झोपतो, म्हणजे झोपायला हवा. पण ग्रुपवरच्या सेवानिवृत्त मंडळींना पहाटेच सुविचार सुचतात. माझी दया येऊन भाच्याने फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’चं वेळापत्रक लावून दिलं, रात्री अकरा ते सकाळी सात. "मामा, अलार्म वाजेल, बाकी सगळं गप्प. आणि कुणी लागोपाठ दोनदा फोन केला तर तोही वाजेल. अडीअडचणीला असावं."

पहिल्या रात्री अलार्म बरोबर साडेचारला वाजला. मी मोटर लावली आणि धन्यता मानून पुन्हा पांघरुणात शिरलो. तोच टिंग. सूर्यफुलासह शुभ सकाळ. टिंग. हात जोडलेले. टिंग टिंग. सात वाजायला अजून सव्वादोन तास होते. भाच्याला फोन करून खडसावलं, तर तो म्हणाला, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." आमच्या घरात सगळ्या यंत्रांच्या बाबतीत हाच निकाल लागतो.

पुढच्या दिवशी मोटरची पाळी नव्हती. सातपर्यंत चिडीचूप. परवा पाळी होती, पुन्हा टिंग. आठवडाभर पाहिल्यावर ध्यानात आलं की फोन सुविचारांवर नव्हे, मोटरवर चालतोय! मग चष्मा लावून सेटिंग उघडलं. वेळापत्रकाच्या आत, वार आणि वेळा यांच्या खाली, एक ओळ होती: `Alarm can override end time`. ती चालू होती. म्हणजे वेळापत्रक सातला संपणार, पण त्याआधी अलार्म वाजला तर तिथेच संपणार. फोनचा हिशेब सरळ आहे. अलार्म वाजला म्हणजे माणूस उठला, उठलेल्याला कसली शांतता? मोटर लावून परत झोपणारा प्राणी त्याच्या हिशेबात नाही. मी ती ओळ बंद केली. बंद केल्यावर अलार्मच वाजणार नाही, या भीतीने ती रात्र जागून काढली. पण अलार्म वाजला, कारण त्याला वाजू द्यायची परवानगी वेगळ्या ठिकाणी असते आणि ती चालूच होती. मोटर लागली, आणि सातपर्यंत एकही सूर्यफूल उगवलं नाही.

आता राहिले दोनदा फोन करणारे.

त्या सवलतीचा लाभ पहिल्यांदा घेतला एका टेम्पोवाल्याच्या गिऱ्हाइकाने. रात्री एक चाळीसला त्याने चुकून माझा नंबर लावला. तो गप्प राहिला. दोन मिनिटांनी पुन्हा लावला, तो खणखणीत वाजला. "कांदा भरायला कधी येताय?" मी राँग नंबर सांगून ठेवला. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून तिसरा केला. तोही वाजला. नियम असा की एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा फोन आला की तो आत सोडायचा. तो ओळखीचा आहे का, अडचणीत आहे का, याची चौकशी नाही. चिकाटी पाहिजे.

याउलट माझी आत्या. तिला रात्री छातीत जळजळलं, तिने एकदा फोन केला आणि ‘पोरं झोपली असतील’ म्हणून ठेवून दिला. सकाळी मला मिस्ड कॉल दिसला. जळजळ भज्यांची होती, पण माझ्या पोटात गोळा आला. तिला समजावलं, "आत्या, रात्री काही लागलं तर दोनदा कर. दुसरा वाजतो."

चार दिवसांनी पुन्हा सकाळी तिचे मिस्ड कॉल. दोन! फोन बिघडला म्हणून मी चडफडलो. मग वेळा पाहिल्या: अकरा पंचवीस आणि अकरा सत्तेचाळीस.

"अगं, मध्ये एवढा वेळ कशाला थांबलीस?"

"लगेच कसा करायचा रे? माणसाला जरा झोपू द्यावं."

बावीस मिनिटं. फोनच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र पहिलेच फोन होते. टेम्पोच्या गिऱ्हाइकाला जमलं ते हिला जन्मात जमणार नव्हतं. शेवटी कॉन्टॅक्टमध्ये तिच्या नावापुढे चांदणी लावली आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये चांदणीवाल्यांच्या फोनला मुभा दिली. दोनदावाली सवलत बंद केली, कांद्याचं ज्याचं त्याने पाहावं. आत्याला कळवलं की आता एकदाच कर, पहिलाच वाजेल.

दुसऱ्या दिवशी पाळी नव्हती. पहाटे पाच दहाला फोन खणखणला. धडपडत उचलला.

"वाजला का रे पहिल्याच वेळी?" आत्या म्हणाली. "नाही, म्हटलं बघावं."