एका पानाची जाडी

बेळगावात कोर्टासमोर झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या माणसाला कागदाविषयी सर्व काही कळते, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे, आणि या समजाची किंमत मी वर्षानुवर्षे निरनिराळ्या लग्नपत्रिका निवडून मोजत आलो आहे. परंतु भाचीच्या विज्ञानाच्या गृहपाठाने जी पाळी आणली, तिच्यापुढे लग्नपत्रिका म्हणजे विश्रांतीच म्हणावी लागेल. 'साध्या पट्टीने पुस्तकाच्या एका पानाची जाडी काढा' एवढाच तो प्रश्न होता. ताईने फोनवरून मला कळवले की हे काम पाच मिनिटांचे आहे. ज्यांना एखादे काम करायचे नसते, त्यांना त्याला लागणारा वेळ नेहमी अचूक ठाऊक असतो.

पट्टीवरच्या दोन लगतच्या रेघांत 1 मिलिमीटरचे अंतर असते आणि पान त्याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही पातळ असते. त्यामुळे एक पान पट्टीला लावून डोळे ताणण्यात अर्थ नसतो. पुष्कळ पाने एकदम मोजायची आणि त्यांच्या संख्येने भागायचे, म्हणजे जाडीबरोबर आपल्या नजरेची चूकही तितक्याच जणांत वाटली जाते. इथपर्यंत भाचीला माझ्यापेक्षा अधिक येत होते.

गठ्ठा म्हणून वडिलांनी पहिल्यांदा पुढे केला तो सीमाप्रश्नाच्या कागदांचा. 1967च्या महाजन आयोगाच्या अहवालावरील कात्रणांपासून 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या बातम्यांपर्यंत सारे त्यात जपलेले आहे, आणि उंचीच्या बाबतीत त्याला आमच्या घरात तोड नाही. मात्र त्यात वर्तमानपत्राचा पातळ कागद, टंकलिखित निवेदने, जाड स्टँप पेपर आणि गंजलेल्या टाचण्या असे सर्वपक्षीय मिश्रण होते. भागाकार करून सरासरी आली असती, पण ती ज्याची जाडी म्हणावी असे एकही पान त्या गठ्ठ्यात सापडले नसते. वडिलांनी तो गठ्ठा उचलून नेला, आणि प्रश्न असाच कायम मागे टाकला जातो, असे काहीसे ते पुटपुटले.

शेवटी दुकानात बाइंडिंगसाठी कुणीतरी टाकून गेलेले एक पुस्तक घेतले. त्याचे मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते, म्हणजे पुठ्ठ्याची जाडी वजा करण्याची कटकट नव्हती, आणि शिलाई उसवून त्याचे दोन तुकडे झाले होते. शेवटच्या पानावर 412 हा आकडा छापलेला होता. सुरुवातीची, आकडे नसलेली प्रस्तावनेची 16 पृष्ठे धरून एकूण 428 झाली. भाचीने तत्काळ 428 ने भागायची तयारी केली, तेव्हा मी तिला एक पान चिमटीत धरायला लावून त्याच्या दोन्ही अंगांचे आकडे वाचायला सांगितले. कागद एक आणि आकडे दोन, म्हणजे भागायचे 214 ने. ही गोष्ट निसटली असती, तर उत्तर बरोबर निम्मे आले असते आणि ते दिसायलाही चांगले दिसले असते.

मग भाचीने पट्टी टेबलावर उभी केली. पूर्ण पुस्तक भरले 11 मिलिमीटर, म्हणून एक पान 0.05 मिलिमीटरचे. पडताळा म्हणून पुढचा 100 पानांचा सुटा तुकडा मोजला, तर तो भरला अवघा 3 मिलिमीटर, म्हणजे पान 0.03चे! पुस्तक एकच, कागद एकच, आणि पुढची पाने मात्र बारीक झालेली. ताईने फोनवर शाळेची पुस्तके हल्ली अशीच निघतात असा शेरा मारला. खरा प्रकार असा होता की प्लॅस्टिकच्या पट्टीचे शून्य तिच्या टोकावर नसते. त्याआधी थोडी कोरी पट्टी असते, आणि उभी करून मोजताना ती कोरी जागा दरवेळी उंची खाऊन टाकते. अशा वेळी पट्टी फेकायचे कारण नसते. दोन मापांची वजाबाकी केली, की दोन्हींत सारखीच शिरलेली चूक आपोआप उडते. 11 मधून 3 गेले, उरले 8. पाने वाढली होती 114. म्हणून एक पान 0.07 मिलिमीटर. हाताला तो कागद साठ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला साठ ग्रॅम वजनाच्या, आसपासचा लागत होता, आणि तशा कागदाला ही जाडी शोभण्यासारखी होती.

इथे थांबता आले असते, पण भाचीने दुसऱ्या दिवशी पट्टी नीट शून्यापासून लावली आणि पूर्ण पुस्तक 19 मिलिमीटर भरले. 214 पानांना 0.07 च्या हिशेबाने ते 15 भरायला हवे होते. मधल्या रात्री पुस्तक खिडकीत राहिले होते, आणि जुलै महिन्यात बेळगावच्या खिडकीत काय राहते हे इथल्या माणसाला सांगायला नको. दमट कागदाला लाटा येतात, दोन पानांमध्ये हवा शिरते, आणि ही हवा पट्टीच्या कोऱ्या टोकासारखी एकदाच शिरत नाही. ती प्रत्येक पानागणिक शिरते. त्यामुळे गठ्ठा कितीही मोठा घेतला तरी भागाकारात ती घटत नाही आणि वजाबाकीतही उडत नाही. झेरॉक्सच्या यंत्रात असे कागद अडकतात म्हणून मी रिम फोडली की उरलेले कागद लगेच गुंडाळून ठेवतो, ही माहिती मी या निमित्ताने दिली. ती कुणी ऐकली नाही.

हवा घालवायची तर दाब हवा. कागदाची जाडी मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात दाब ठरलेला असतो, 100 किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा भार. प्रयोगशाळेतील उपकरण तो आपल्या इवल्याशा गोल पायाखाली सहज देते. आमच्या पुस्तकाचे पान मात्र सुमारे 300 चौरस सेंटीमीटरचे, तेव्हा त्यावर 300 किलो, म्हणजे एखादी बेताची म्हैस, बसवावी लागली असती. आम्ही पुस्तक कोरडे करून त्यावर पाट ठेवला आणि पाटावर भाचीला बसवले. नियमाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका दाब मिळाला, पण माप मोकळ्या कडेला पुन्हा 15वर आले.

15 ला 214 ने भागल्यावर गणकयंत्राने 0.0700934 असे उत्तर दिले आणि भाचीला ते सगळे आकडे वहीत हवे होते. पट्टी वाचताना दोन्ही टोकांना मिळून एक मिलिमीटरची चूक होऊ शकते. ती 214 ने भागली तर 0.005 उरते, म्हणजे पान 0.065 ते 0.075 यांच्या दरम्यान कुठेतरी आहे आणि पुढचे आकडे नुसती शोभा आहेत. तिने नाइलाजाने 0.07 लिहिले.

शाळेत बाईंनी स्क्रू गेजने एकच पान मोजून 0.08 काढले. कागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. एकटे पान मोजताना त्याचे उंचवटे मापात धरले जातात, आणि गठ्ठ्यात दाबल्यावर एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत बसतात, म्हणून सुटे पान सहसा किंचित जाड भरते. त्यात स्क्रू गेजची सर्वांत लहान पायरीच 0.01 मिलिमीटरची. हे सर्व मी भाचीकरवी बाईंना सविस्तर लिहून पाठवले, दोन्ही बाजूंनी, दुकानातल्या चांगल्या कागदावर. बाईंचा उलट निरोप आला की पुढच्या आठवड्यात तांदळाच्या एका दाण्याचे वजन काढायचे आहे आणि मामांनी त्यात लक्ष घातले नाही तरी चालेल.