प्रतिक्रियेला उत्तर: दुसरी पायरी आणि 44 ची रेघ

"सर, कॅल्शियम ऑक्झलेटच्या टीजीएवरचा लेख वाचला. दुसरी पायरी CO ची म्हणता, पण आमच्या एमएसवर नायट्रोजनमध्ये 490 ला 44 ची रेघ ठळक आली, 28 वर काहीच हललं नाही. म्हणजे जातो तो CO₂. पुस्तकातलंच उतरवून काढलंय, स्वतः रन लावला असता तर कळलं असतं. आमचे आकडे: 12.3, 18.7, 30.6, शिल्लक 38.4 टक्के. नमुना 10 मिलिग्रॅम. तुमच्या तक्त्यातली तापमानंही जुळत नाहीत, आमची तिसरी पायरी 760 ला संपली, तुमची 720 ला. आणि रन कुठल्या परिस्थितीत केला तेही लिहिलेलं नाही." – नांदेडचा एक वाचक

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. तक्त्याखाली परिस्थिती लिहायची राहिली. नमुना 8 मिलिग्रॅम, मिनिटाला 10 अंश, नायट्रोजन मिनिटाला 50 मिलिलिटर, उघडी अॅल्युमिनाची मूस. आता लेखात टाकलंय. पण साहेब, दुसऱ्याकडं परिस्थिती मागताना स्वतःचा हीटिंग रेट तुम्हीही दिलेला नाही. रेट वाढला, नमुना जास्त भरला, मुशीवर झाकण ठेवलं, की तिसरी पायरी पुढं सरकणारच. ती उलटसुलट होणारी क्रिया आहे: भोवती CO₂ साचला की कार्बोनेट फुटायला तयार होत नाही, आणि नुसत्या CO₂ च्या प्रवाहात तर गाडी 900 च्या पुढं जाते. 40 अंशांचा फरक ही चूक नव्हे. तापमानांचा विषय इथंच मिटला.

आता "उतरवून काढलंय" बद्दल. एकोणीस वर्षं हे यंत्र रोज माझ्या हाताखाली आहे, आणि ऑक्झलेट हा तर त्याच्या तपासणीचाच नमुना; किती वेळा लावला ते मोजायचं कधीच सोडून दिलं. शंका असेल तर शंका विचारा. नुसतं "44 कसा काय आला?" एवढं लिहिलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं, आणि मलाही जरा थंड डोक्यानं लिहिता आलं असतं. असो.

28 वर काही हललं नाही म्हणता. हलणार कसं? वाहक वायू नायट्रोजन आहे, आणि नायट्रोजनचा रेणूही 28 चाच. ती रेघ आधीच छताला टेकलेली, त्यात दोनेक मिलिग्रॅमचा CO आला काय नि गेला काय. जत्रेच्या ढोलात बासरी ऐकू आली नाही म्हणून बासरी वाजलीच नाही असं होत नाही. CO बघायचा असेल तर वाहक वायू आर्गॉन घ्यावा लागतो. तिथंही CO₂ स्वतःच 28 वर आपल्या 44 च्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी रेघ टाकतो, तेवढी वजा करून उरेल ती CO ची धरायची. थोडक्यात, तुमच्या मांडणीत CO दिसणं शक्यच नव्हतं, आणि जे दिसणं शक्य नव्हतं ते दिसलं नाही हा पुरावा होत नाही.

मग वजन काय सांगतं ते बघू. CaC₂O₄·H₂O चं रेणुभारमान 146.11. त्यातून पाणी गेलं की 12.33 टक्के कमी होतात, तुमचे 12.3, इथं भांडण नाही. उरलेल्यातून CO गेला, 28.01 भागिले 146.11, म्हणजे 19.17 टक्के, तर मागं CaCO₃ राहतो. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणं दुसऱ्या पायरीला CO₂ गेला असता तर घट 30.12 टक्के यायला हवी होती. तुमची आली 18.7. तराजूला वायूचं नाव कळत नाही हे खरं, पण 28 आणि 44 मधला फरक त्याला नक्की कळतो. शिवाय 30.12 च्या जवळची घट तुमच्याकडं आहेच की, तिसऱ्या पायरीला. तोच CO₂ दुसऱ्या पायरीत आधीच गेला असता तर तिसऱ्या पायरीला काय जाणार होतं?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. नमुन्यातून काय सुटतं ते एक, आणि डिटेक्टरपर्यंत काय पोचतं ते दुसरं. हवेत रन लावला तर CO मुशीवरच जळून CO₂ होतो. डीटीएवर दुसरं शिखर उष्णता बाहेर टाकणारं येतं, नायट्रोजनमध्ये तेच उष्णता शोषणारं असतं. तरी हवेतली वजनघट 19.17 च राहते, कारण CO मूस सोडून गेल्यावर पुढं त्याचं काय झालं याच्याशी तराजूला देणंघेणं नाही. भट्टीत कुठं गळती असेल, सिलिंडर बदलल्यावर भट्टी नीट धुवून निघाली नसेल, तर नायट्रोजनमध्येही हेच थोड्या प्रमाणात होतं. प्लॅटिनमची मूस असेल तर जास्तच, कारण प्लॅटिनम या जळण्याला हातभार लावतं.

पण तुमच्या बाबतीत नुसती गळती आहे असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते तुमच्याच आकड्यांत आहे. तुम्ही ते लिहून पाठवले, पण वाचले नाहीत. गळतीनं CO जळला असता तर दुसरी पायरी 19.17 वरच थांबली असती. तुमची 18.7 वर थांबली, म्हणजे 0.47 टक्के कमी. तिसरी 30.6, म्हणजे 0.48 जास्त. दोन्हींची बेरीज 49.3, हिशेबानं 49.29. शिल्लक 38.4, हिशेबानं CaO 38.38. दुसऱ्या पायरीला न गेलेलं काहीतरी मुशीत राहिलं आणि तिसऱ्या पायरीबरोबर निघून गेलं.

ते काहीतरी म्हणजे बहुधा कार्बन. CO चे दोन रेणू गरम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर एकमेकांत वाटणी करतात: एकाचा CO₂ होतो, दुसऱ्याचा कार्बन मागं बसतो.

```
2 CO → C + CO2
```

सगळाच्या सगळा CO असा मोडला असता तर अर्धा कार्बन मागं राहून घट 4.11 टक्क्यांनी कमी आली असती, म्हणजे 15.06. तुमची 0.47 नं कमी आहे. 0.47 भागिले 4.11, म्हणजे CO चा साधारण 11 टक्के भाग या वाटेनं गेला, बाकी 89 टक्के CO म्हणूनच बाहेर पडला. पुढं सातशेच्या वर हा कार्बन कार्बोनेटमधून सुटणाऱ्या CO₂ शी भिडून पुन्हा CO होतो आणि निघून जातो, म्हणून शेवटची शिल्लक स्वच्छ जुळते. तेव्हा 490 ला थोडा CO₂ खरोखर निघतो, हे मला मान्य आहे. पायरी मात्र CO चीच राहते.

"ठळक" हा शब्दही तपासून बघा. सॉफ्टवेअर रेघेला आपोआप ताणून पडदाभर करतं, मग मुंगीचाही हत्ती दिसतो. 44 च्या दोन्ही शिखरांखालचं क्षेत्रफळ काढा, 490 चं आणि तिसऱ्या पायरीचं, आणि एकाला दुसऱ्यानं भागा. तिसऱ्या पायरीत किती CO₂ आहे ते माहीत आहे, म्हणजे माप घरातच आहे. दुसऱ्या पायरीला सगळा CO₂ गेला असता तर दोन्ही क्षेत्रफळं जवळजवळ सारखी आली असती. कार्बनची गोष्ट खरी असेल तर गुणोत्तर सहा टक्क्यांच्या आसपास येईल. त्याहून बरंच जास्त आलं तर कार्बनच्या जोडीला गळतीही आहे. तेव्हा 32 ची रेघ बघा: गळतीचा ऑक्सिजन CO जाळण्यात खर्च होत असेल तर 490 ला तिथं खळगा पडलेला असेल. नुसती CO ची आपसातली वाटणी असेल तर 32 सपाट राहील.

मात्र या 0.47 वर डोळे झाकून इमला बांधू नका, मीही बांधत नाही. 10 मिलिग्रॅमवर ते 47 मायक्रोग्रॅम होतात, आणि रिकामी मूस तापवली तरी वायूच्या उत्प्लावनामुळं तराजू काही मायक्रोग्रॅम सरकतोच. रिकाम्या मुशीचा रन वजा केला होता का? तुमची शिल्लक जुळतेय म्हणून मी तो संशय मागं ठेवलाय.

खरा संशय सीमेचा आहे. दुसरी पायरी संपते तिथं वक्र एकदम सपाट होत नाही, शेपूट राहतं. खूण 510 ला मारली तर शेपटातला CO तिसऱ्या पायरीच्या खात्यात जमा होतो आणि आकडे हुबेहूब तुमच्यासारखेच दिसतात: एक कमी, दुसरा तेवढाच जास्त, बेरीज शाबूत. सीमा नजरेनं नाही, डीटीजी वर दोन शिखरांच्या मधल्या सर्वांत सपाट जागी ठेवायची. तिथं वजन 68.50 आलं तर कार्बन नाही. तुमच्यासारखं 69.0 आलं आणि सीमा 570-580 च्या आसपास असली, तर कार्बन.

एवढं करूनही खात्री नसेल तर पुढचा रन 580 ला थांबवा, नायट्रोजन चालू ठेवूनच शंभरच्या खाली येऊ द्या, आणि मगच भट्टी उघडा. गरम असताना उघडली तर कार्बन हवेत जळून जाईल आणि पुरावाच नाहीसा होईल. नुसतं कार्बोनेट पांढरंशुभ्र असतं. राखाडी झाक दिसली तर तुमचं उत्तर मुशीतच पडलेलं आहे. दुसरा नमुना त्याच दिवशी हवेत लावा: दुसरी पायरी 18.7 वरून 19.2 ला आली, तर वाद संपला.

पूर्ण रननंतरची मूस मात्र यंत्रात रात्रभर ठेवून सकाळी शिल्लक मोजू नका. तो कळीचा चुना आहे, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत सकाळपर्यंत पाणी पिऊन बसतो.

क्षेत्रफळांचं गुणोत्तर, सीमेचं तापमान आणि हीटिंग रेट खाली लिहा. 580 च्या मुशीचा रंगही. तुमचं बरोबर निघालं तर लेखात तसं लिहीन, तुमच्या नावानं लिहीन. फक्त पुढच्या वेळी नाव तेवढं टाका.